दोन फंड, दोन ड्रॉडाऊन: १.२० आणि ०.४० मधला फरक खरा किती?

गोदाकाठ (परभणी)

वडील झेडपीच्या शाळेतून निवृत्त झालेत. आलेल्या पैशातले १५ लाख इक्विटी फंडात एकरकमी टाकायचे असं घरात घाटतंय. दोन फंड निवडलेत. नावं मुद्दाम देत नाही, नाहीतर धागा त्या कंपन्यांवरच जाईल. दोन्ही डायरेक्ट, ग्रोथ.

फंड अ जानेवारी २०१३ पासूनचा. तेव्हापासून ३० जून २०२५ पर्यंत वार्षिक परतावा १५ टक्के, सगळ्यात मोठी घसरण ३७.५ टक्के.
फंड ब १ जुलै २०२० पासूनचा. ३० जून २०२५ पर्यंत वार्षिक २१ टक्के, सगळ्यात मोठी घसरण १७.५ टक्के.

परताव्याला घसरणीनं भागलं तर अ ला ०.४० आणि ब ला १.२० मिळतात. म्हणजे एवढीच जोखीम घेऊन ब तिप्पट देतो, असं म्हणायचं का? मला तरी ब सरळ सरळ उजवा दिसतोय.

लातूरपॅटर्न

सरळ हिशोब आहे की. गुणोत्तर जास्त तो फंड चांगला. १.२० ला ०.४० तोडच नाही. ब घ्या अन् मोकळे व्हा.

तूरडाळ (हिंगोली)

ड्रॉडाऊन म्हणजे फंडातून जास्तीत जास्त किती काढता येतात असं विचारताय का? तशी काही मर्यादा नसते. इक्विटी फंड वर्षभर ठेवला असेल तर वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा नफा माफ, त्याच्या वरच्या नफ्यावर साडेबारा टक्के टॅक्स. वर्षाच्या आत काढले तर एक्झिट लोड बघा.

गोदाकाठ

नाही काका, पैसे काढायचं नाही. एनएव्ही वरच्या टोकावरून किती खाली आली होती, ते.

तूरडाळ

असं व्हय. मग चालू द्या. टॅक्सचं मात्र लक्षात ठेवा, ते लागणारच आहे.

सीए_जालना

गोदाकाठ, तुमचा भागाकार बरोबर आहे, तुलना चूक आहे. अ च्या इतिहासात मार्च २०२० आहे, ब च्या नाही. निफ्टी १४ जानेवारी २०२० ला १२,३६२ वर बंद झाला होता आणि २३ मार्चला ७,६१० वर. दहा आठवड्यांत ३८.४ टक्के. अ त्यात ३७.५ पडला, म्हणजे बाजाराइतकाच. ब तेव्हा जन्मालाच आला नव्हता. जी परीक्षा दिलीच नाही तिच्यात नापास होता येत नाही, एवढंच ब चं कर्तृत्व.

वर परताव्यातही ब ला फुकटचा फायदा मिळालाय. १ जुलै २०२० म्हणजे बाजार तळातून नुकता उठत होता. भागाकारात वरचा आकडा फुगलेला आणि खालचा आटलेला, दोन्ही एकाच कारणानं. म्हणून ही चूक साधी राहत नाही, तिचा गुणाकार होतो.

दोघांनाही १ जुलै २०२० ते ३० जून २०२५ ही एकच खिडकी लावा आणि परत काढा. अ ची पहिली आणि शेवटची एनएव्ही टाका इथं.

गोदाकाठ

अ: १ जुलै २०२० ला ४०.००, ३० जून २०२५ ला १०८.११.
ब: १०.०० आणि २५.९४.

सीए_जालना

```
=(108.11/40)^(1/5)-1
=(25.94/10)^(1/5)-1
```

अ चे २२ टक्के आले, ब चे २१. परताव्यात अ च पुढं निघाला. आता त्याच खिडकीतली घसरण काढा, दोघांची, रोजच्या एनएव्हीवरून.

अंबाजोगाई_एक्स्प्रेस

रोजची एनएव्ही कुठून घ्यायची अन् एक्सेलमध्ये कसं करायचं, तेबी सांगा. नुसतं 'काढा' म्हणून कसं जमंल?

मीनल_नांदेड

एनएव्ही अ‍ॅम्फीच्या साइटवर आहे. एकदम सगळा इतिहास हवा असेल तर mfapi.in वर योजनेचा कोड टाकून मिळतो. कोड घेताना तो डायरेक्ट ग्रोथचाच आहे ना ते बघून घ्या. आयडीसीडब्ल्यू पर्याय घेतलात तर लाभांश वाटल्याच्या दिवशी एनएव्ही तेवढी उतरते आणि शीटला ती घसरण वाटते.

A मध्ये तारीख, B मध्ये एनएव्ही, दुसऱ्या ओळीपासून, जुनी तारीख वर. मग:

```
C2:  =MAX(B$2:B2)
D2:  =B2/C2-1
```

दोन्ही खालपर्यंत ओढा. C मध्ये त्या दिवसापर्यंतचं सगळ्यात वरचं टोक येतं, D मध्ये त्या टोकापासून आपण किती खाली आहोत ते. शेवटी `=MIN(D:D)`. B$2 मधला डॉलर विसरलात तर ओढताना सुरुवातही खाली सरकते, प्रत्येक ओळीत फक्त त्याच दिवसाची एनएव्ही उरते आणि सगळीकडे शून्य येतं.

अंबाजोगाई_एक्स्प्रेस

केलं ताई. mfapi वरून ब चाच कोड शोधून टाकला (गोदाकाठनं मेसेजमध्ये नाव सांगितलं). उत्तर आलं उणे ६३ टक्के!! हा फंड हाय का लिफ्ट?

लातूरपॅटर्न

६३?? मग माझा सल्ला परत घेतो 😂

मीनल_नांदेड

दादा, पहिल्या ओळीतली तारीख कोणती आहे? तिथून येणाऱ्या यादीत नवी तारीख वर असते. ती उलटवायची राहिली. तशीच ठेवली तर शीटला फंड २७.१० वरून १०.०० पर्यंत पडला असं दिसतं. १० भागिले २७.१० करून बघा, तुमचे ६३ बरोबर तिथूनच आलेत. म्हणजे तुम्ही पाच वर्षांची वाढ उलटी मोजलीत.

अजून एक. तिथल्या तारखा dd-mm-yyyy अशा असतात आणि एनएव्ही मजकूर म्हणून येते. एनएव्ही मजकूरच राहिली तर MAX ला आकडा सापडत नाही, C मध्ये शून्य येतं आणि D मध्ये `#DIV/0!`. ते बरं, निदान चूक दिसते. तारखेची चूक दिसत नाही. एक्सेल अमेरिकन पद्धतीवर असेल तर 04-03-2025 ला तो ३ एप्रिल समजतो, आणि तारखेनं सॉर्ट केलं की दिवस इकडचे तिकडे होतात. म्हणून सॉर्ट न करता यादी नुसती उलटवा. शेजारी १, २, ३ असे क्रमांक भरा आणि त्यांच्यावर उतरता सॉर्ट लावा.

ओळखायची खूण सोपी आहे. उत्तर आलं की ते कोणत्या दिवशीचं आहे ते बघा. इक्विटी फंडाचा तळ मार्च २०२०, जून २०२२ किंवा फेब्रुवारी-मार्च २०२५ सोडून भलत्याच दिवशी आला तर आधी शीटवर संशय घ्या, मग फंडावर.

अंबाजोगाई_एक्स्प्रेस

उलटवली. आता ब चे उणे २०.३ टक्के. टोक सप्टेंबर २०२४ मधलं, २७.१०. तळ ४ मार्च २०२५, २१.६०. ह्यो दिवस तर तुमच्या यादीत बसतोय.

गोदाकाठ

थांबा, मी तर १७.५ लिहिलं होतं. २०.३ कुठून आले?

सीए_जालना

तुम्ही कुठून घेतले होते १७.५?

गोदाकाठ

एका साइटवर फंडाच्या पानावर तयार होते. अ चे मात्र रोजच्या एनएव्हीवरून मित्रानं काढून दिले होते.

सीए_जालना

तिथंच मेख आहे. त्या साइटनं महिनाअखेरच्या एनएव्ही घेतल्या असणार. ब ची ३० सप्टेंबर २०२४ आणि २८ फेब्रुवारी २०२५ ची एनएव्ही सांगता का?

अंबाजोगाई_एक्स्प्रेस

२६.६० आणि २१.९५.

सीए_जालना

२१.९५ भागिले २६.६० म्हणजे ०.८२५. घसरण १७.५. सापडलं.

ही लबाडी नाही बरं का. टेरी यंगनं १९९१ मध्ये हे गुणोत्तर कॅल्मार नावानं मांडलं, तेव्हा ते ३६ महिन्यांचं आणि महिन्याच्या आकड्यांवरच होतं. बऱ्याच साइट तोच पायंडा पाळतात. पण महिनाअखेर घेतली की टोक आणि तळ दोन्ही बोथट होतात. निफ्टीचंच बघा. डिसेंबर २०१९ अखेर १२,१६८, मार्च २०२० अखेर ८,५९८. महिनाअखेरच्या हिशोबानं कोविडची घसरण २९.३ टक्के दिसते, रोजच्या हिशोबानं ३८.४. निर्देशांक तोच, महिने तेच, आणि नऊ टक्क्यांचा फरक नुसत्या मोजपट्टीचा. पडझड जितकी झटपट, तितका हा फरक मोठा. २००८ सारखी महिनोन् महिने चाललेली पडझड असेल तर तो कमी राहतो.

म्हणून एकाला महिन्याची पट्टी आणि दुसऱ्याला रोजची असं चालत नाही. कुठलीही घ्या, पण दोघांना एकच. रोजचीच धरू. ब चे २१ भागिले २०.३, म्हणजे १.०३. अ चं काय आलं?

मीनल_नांदेड

अ चं मी काढलं. याच पाच वर्षांत सगळ्यात मोठी घसरण १७.६ टक्के. टोक ऑक्टोबर २०२१ मध्ये ६८.००, तळ १७ जून २०२२ ला ५६.००. २२ भागिले १७.६ म्हणजे १.२५.

देवगिरी

म्हणजे १.२० विरुद्ध ०.४० चे झाले १.०३ विरुद्ध १.२५. खिडकी अन् मोजपट्टी सारखी केल्यावर घोडाच बदलला. लातूरपॅटर्न, अजून मोकळे आहात का?

लातूरपॅटर्न

मान्य. पण माझा मूळ नियम बरोबरच आहे ना? आता अ चं जास्त, तर अ घ्या.

देवगिरी

त्या नियमानं तर लिक्विड फंडच घ्यावा लागेल. समजा वर्षाला ६ टक्के आणि सगळ्यात मोठी घसरण ०.१ टक्का. गुणोत्तर ६०! जगात जर्मनी, भारतात परभणी, आणि गुणोत्तरात लिक्विड फंड.

लातूरपॅटर्न

😅 बरं, एकाच जातीचे फंड असतील तरच, असं म्हणतो.

सीए_जालना

एकाच जातीचे असले तरी १.०३ आणि १.२५ मधल्या फरकावर फार जीव टाकू नका. वरचा आकडा पाच वर्षांच्या सगळ्या दिवसांतून येतो, खालचा मात्र एका टोकावरून आणि एका तळावरून. एका घटनेवर उभा असलेला आकडा आहे तो. इथं तर घटनाही वेगळ्या आहेत. अ चा तळ जून २०२२ मध्ये, ब चा मार्च २०२५ मध्ये. खिडकी डिसेंबर २०२४ ला बंद केली असती तर ब ची ती घसरण अर्धीमुर्धीच दिसली असती आणि निकाल पुन्हा फिरू शकला असता.

आणि १ च्या वरचं गुणोत्तर बघून हुरळूनही जाऊ नका. याच पाच वर्षांत निफ्टी १०,३०२ वरून २५,५१७ वर गेला, वर्षाला १९.९ टक्के. मोठी घसरण ऑक्टोबर २०२१ ते जून २०२२ ची, १७.२. निफ्टीचं स्वतःचं गुणोत्तर १.१६, तेही लाभांश न धरता. म्हणजे तुमचा ब निर्देशांकाच्याही खाली आहे. तोच निफ्टी ८ जानेवारी २००८ च्या टोकापासून ३० जून २०२५ पर्यंत मोजा. वर्षाला साधारण ८.३ टक्के, घसरण ५९.९, गुणोत्तर ०.१४. टोकापासून मोजणं जरा निर्दयीपणाचं आहे, कबूल. पण मधली तफावत निफ्टीनं केलेली नाही, खिडकीनं केलेली आहे. इतिहास लांबत गेला की सगळ्यात मोठी घसरण मोठीच होते किंवा तेवढीच राहते, कमी कधीच होत नाही. म्हणून जुना फंड या गुणोत्तरात नेहमी गरीब दिसतो.

हिंगोलीकर

मला हे काही पटत नाही. माझी एसआयपी २०१९ पासून अ सारख्याच एका फंडात चालू आहे. खात्याची किंमत मार्च २०२० मध्ये ३७ टक्के वगैरे काही पडली नव्हती. लै झालं तर वीस-बावीस. तुम्ही लोक घाबरवताय.

मीनल_नांदेड

तुम्ही खात्याची एकूण रक्कम बघताय, तिच्यात तुमचे नवे हप्तेही आहेत. समजा खात्यात १ लाख होते, फंड २० टक्के पडला, झाले ८० हजार. त्याच महिन्यात १० हजारांचा हप्ता गेला की खातं ९० हजार दाखवतं. तुम्हाला घसरण १० टक्के वाटते, फंड मात्र २० च पडलाय. वर तुमच्या पहिल्या वर्षात हप्ता खात्याच्या मानानं मोठा होता, त्यामुळं घसरण जास्त झाकली गेली. आता तेवढाच हप्ता चालू असेल तर पुढच्या वेळी एवढी झाकली जाणार नाही.

फंडांची तुलना करायची तर एनएव्हीवरच करावी लागते, तिच्यात कुणाचे हप्ते मिसळलेले नसतात. शिवाय गोदाकाठ एकरकमी टाकतायत, त्यांना झाकायला हप्ते नाहीत.

हिंगोलीकर

बरं. तरी एसआयपीवाल्याला तेवढी झळ लागत नाही, हे तर खरं?

मीनल_नांदेड

खातं लहान असेपर्यंत, हो.

देवगिरी

मूळ अडचण तशीच आहे पण. ब मार्च २०२० मध्ये असता तर किती पडला असता? त्याशिवाय वडिलांच्या १५ लाखांचा विचार कसा करायचा?

माझा अंदाज असा. २६ सप्टेंबर २०२४ ते ४ मार्च २०२५ मध्ये निफ्टी २६,२१६ वरून २२,०८३ वर आला, १५.८ टक्के. ब तेव्हा २०.३ पडला. म्हणजे निफ्टीच्या १.२८ पट. कोविडच्या ३८.४ ला तेवढ्या पटीनं वाढवलं तर ४९ टक्के. १५ लाखांचे साडेसात-पावणेआठ लाख दिसले असते.

सीए_जालना

एका घसरणीवरून पट काढणं धोक्याचं आहे. २०२२ मध्ये ब किती पडला होता?

अंबाजोगाई_एक्स्प्रेस

शीटमध्ये आहे. ऑक्टोबर २०२१ ते जून २०२२, १६.० टक्के.

सीए_जालना

निफ्टी तेव्हा १७.२ पडला होता. म्हणजे पट ०.९३ आणि कोविडचा अंदाज ३६ टक्के. एका घटनेवरून ४९, दुसरीवरून ३६. यातलं कुठलं खरं धरायचं ते शीट सांगणार नाही. दोन वेळचा फंड आतून तोच होता का, ते बघावं लागेल. कंपन्या दर महिन्याचा पोर्टफोलिओ साइटवर टाकतात. मे २०२२ आणि सप्टेंबर २०२४ च्या फायली काढून मोठ्या कंपन्यांचा वाटा किती ते मोजा.

गोदाकाठ

काढल्या. मे २०२२ ला लार्ज कॅप ७१ टक्के. सप्टेंबर २०२४ ला ४८. बाकी मिड आणि स्मॉल.

देवगिरी

मग झालंच की. मधल्या काळात फंडच बदलला. आता ४९ कडेच धरा.

सीए_जालना

४८ टक्के लार्ज कॅप आजही असेल तर. गेल्या महिन्यात किती होता?

गोदाकाठ

जून २०२५ ला ५८. म्हणजे परत वर चाललाय.

एक सांगायचं राहिलं. वडील तिसऱ्या वर्षापासून महिन्याला १२ हजार काढणार आहेत. त्यानं काही फरक पडतो का?

सीए_जालना

हे पहिल्या पोस्टमध्ये यायला हवं होतं. पैसे काढणाऱ्याला गुणोत्तर जवळजवळ निरुपयोगी आहे. त्याला दोन गोष्टी बघाव्या लागतात: घसरण रुपयांत किती, आणि ती भरून यायला किती वेळ लागतो.

अ सारखीच ३७.५ ची घसरण धरा. १५ लाखांचे ९.४ लाख. एनएव्ही परत जुन्या टोकाला यायला ६० टक्के वाढ लागते. २०२० मध्ये निफ्टी नोव्हेंबरमध्येच परत वर आला, म्हणून लोकांना वाटतं की घसरण म्हणजे आठ महिन्यांची गोष्ट. २००८ चं टोक मात्र नोव्हेंबर २०१० मध्ये एकदा ओलांडलं गेलं, टिकलं नाही, आणि कायमचं मागं पडायला २०१४ उजाडलं. त्या काळात दर महिन्याला १२ हजारांची युनिट्स पडत्या भावात विकली जातात. ती युनिट्स परत येत नाहीत. एनएव्ही टोकाला पोचली तरी खातं १५ लाखांवर पोचत नाही.

D शेजारी अजून एक रकाना घाला, टोकाखाली सलग किती दिवस गेले त्याचा:

```
E2:  =IF(D2<0,N(E1)+1,0)
```

`=MAX(E:E)` म्हणजे सगळ्यात लांब वनवास, व्यवहाराच्या दिवसांत. वर्षाला साधारण २४५ ते २५० धरा. अ ला हे २०१३ पासून लावा. इथं मात्र जुना इतिहास सोन्याचा आहे, तो कापू नका.

मीनल_नांदेड

सहमत. आणि काढायच्या रकमेची पहिली चार-पाच वर्षं इक्विटीबाहेर ठेवा. महिन्याला १२ हजार म्हणजे वर्षाला १.४४ लाख, चार वर्षांचे पावणेसहा लाख. उरलेल्या सव्वानऊ लाखांसाठी अ आणि ब चा वाद घाला.

देवगिरी

चार वर्षं जरा जास्तच होतात. पावणेसहा लाख सहा-सात टक्क्यांवर बसवून ठेवायचे?

मीनल_नांदेड

२००८ ला किती वर्षं लागली ते वरच लिहिलंय सरांनी.

लातूरपॅटर्न

मी तीन म्हणेन. अन् या वेळी नियम सांगत नाही 😄

अंबाजोगाई_एक्स्प्रेस

E रकाना ब ला लावला. १८० च्या वर दिवस झाले अन् अजून चालूच. ३० जूनला २५.९४, टोक २७.१०. म्हंजे ब अजून पाण्याखालीच हाय. चालू असलेला वनवास MAX मध्ये धरायचा का सोडायचा?

सीए_जालना

धरायचा, पण शेजारी 'अपूर्ण' लिहून. अ चा आकडा आला की तोही टाका.